499 की 500? ऑर्डर्सचा हिशेब काय सांगतो

किंमत 500 ऐवजी 499 ठेवली की माल जास्त खपतो, हे व्यापारातल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. ग्राहकालाही ही युक्ती माहीत असते. तरी ती सगळीकडे चालू आहे आणि "याने खरंच काही फरक पडतो का?" असं विचारलं की दोन ठाम उत्तरं येतात. एक म्हणतो, "पडतो, म्हणून तर सगळे लावतात." दुसरा म्हणतो, "लोक काय मूर्ख आहेत का?" दोघांच्याही हातात आकडे मात्र क्वचितच असतात.

आकडे आहेत आणि ते चांगले आहेत. पण ते समजून घ्यायचे तर दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. 99 लावल्याने ऑर्डर्स वाढतात का, हा पहिला. वाढलेल्या ऑर्डर्समधून हातात जास्त पैसे उरतात का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "हो" आलं म्हणून दुसऱ्याचंही "हो" येईलच असं नाही.

या पद्धतीला चार्म प्रायसिंग म्हणतात: किंमत पूर्ण आकड्याच्या किंचित खाली, 9, 99 किंवा .99 वर संपवायची. पुढे मी तिला सरळ "99 ची किंमत" म्हणेन.

## डोळा डावीकडून वाचतो

आपण आकडा डावीकडून उजवीकडे वाचतो आणि किंमत मोठी की छोटी याचा अंदाज पहिल्या अंकावरच बांधायला लागतो. 499 वाचताना मनात आधी "चारशे" उमटतं, 500 वाचताना "पाचशे". खरा फरक एकाचा असला तरी मनात उमटलेला फरक त्याहून मोठा असतो.

मनोज थॉमस आणि विकी मॉरविट्झ यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हे नेमकं दाखवलं. 2.99 आणि 3.00 डॉलर या किमती लोकांना एकमेकींपासून दूर वाटल्या, कारण डावा अंक बदलतो. 3.59 आणि 3.60 या मात्र जवळजवळ सारख्याच वाटल्या. इथेही एका सेंटचाच फरक आहे, पण डावा अंक तोच राहतो. म्हणजे शेवटी 9 असण्याइतकंच, त्या 9 मुळे डावीकडचा अंक खाली येतो की नाही हे महत्त्वाचं आहे. 460 चे 459 करणाऱ्याने 99 ची किंमत लावल्यासारखं दिसतं, पण हा परिणाम त्याच्या वाट्याला फारसा येत नाही.

यासाठी एक चित्र डोक्यात ठेवा. किंमत वाढत जाते तशी मागणी कमी होत जाते. हा झाला साधा उतार. डाव्या अंकाचा परिणाम म्हणजे त्या उतारावर मध्येच असलेली पायरी. 490 पासून 499 पर्यंत हळूहळू उतरत जायचं आणि 499 वरून 500 वर जाताना एकदम खाली पाय पडायचा. पायरी खरंच आहे का आणि किती उंच आहे, एवढंच ऑर्डर्सच्या डेटामध्ये शोधायचं असतं.

हे फक्त किमतीच्या पाटीवरच घडतं असंही नाही. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या 2 कोटींहून जास्त घाऊक व्यवहारांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. गाडी किती मैल चालली आहे हा आकडा दर दहा हजारांचा टप्पा ओलांडतो तिथे गाडीची किंमत दीड-दोनशे डॉलरने एकदम खाली येत होती. 79,900 मैल आणि 80,000 मैल चाललेल्या गाडीत यंत्राच्या दृष्टीने काहीच फरक नसतो.

## कॅटलॉगच्या काळातला पुरावा

"99 लावून पाहिलं आणि विक्री वाढली" असं सांगणारे बरेच भेटतात. पण किंमत बदलली त्याच वेळी सण आला असेल, जाहिरात वाढली असेल, प्रतिस्पर्ध्याकडे माल संपला असेल. म्हणून खरा पुरावा तोच, जिथे एकाच वेळी, चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांना वेगवेगळ्या किमती दाखवल्या गेल्या. टपालाने कॅटलॉग पाठवून माल विकणाऱ्या अमेरिकी कंपन्यांना हे सहज जमायचं: एकाच कॅटलॉगच्या दोन-तीन आवृत्त्या छापायच्या आणि वेगवेगळ्या घरी पाठवायच्या.

शिंडलर आणि किबेरियन यांच्या 1996 मधल्या अभ्यासात बायकांच्या कपड्यांच्या कॅटलॉगच्या तीन आवृत्त्या होत्या, प्रत्येकी 30 हजार. एकीत किमती .00 वर संपत होत्या, दुसरीत .99 वर, तिसरीत .88 वर. .99 च्या आवृत्तीतून .00 पेक्षा साधारण 8 टक्के जास्त विक्री झाली. .88 ची आवृत्ती .00 च्या आसपासच राहिली, आणि मला हा निकाल पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. .88 वर किंमत खरोखर 12 सेंटने कमी होती आणि डावा अंकही खाली आलेला होता. तरी फायदा दिसला नाही. म्हणजे डावा अंक ही पूर्ण गोष्ट नाही. 99 या शेवटाला स्वतःचंही काहीतरी वजन आहे.

एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांच्या 2003 च्या प्रयोगांनी हीच गोष्ट फार स्वच्छपणे समोर आणली. त्यातल्या एका कपड्याची किंमत तीन आवृत्त्यांत 34, 39 आणि 44 डॉलर अशी ठेवली होती. 34 ला 16 नग गेले, 39 ला 21 आणि 44 ला 17.

या तीन आकड्यांवर जरा थांबू. 39 ही 34 पेक्षा महाग किंमत आहे. दोन्हीकडे डावा अंक 3 च आहे. तरी महाग किमतीला जास्त नग गेले. डाव्या अंकाने याचा खुलासा होत नाही. इथे 9 हा अंक खूण म्हणून काम करतो: वर्षानुवर्षे "सवलत" आणि "9" एकत्र पाहिल्यामुळे 9 दिसला की ग्राहकाला सौदा चांगला वाटतो. लेखकांना पुढे असंही आढळलं की कॅटलॉगमध्ये पहिल्यांदाच आलेल्या वस्तूंवर हा परिणाम जास्त होता आणि आधीच्या वर्षांपासून चालत आलेल्या वस्तूंवर कमी. वस्तूशेजारी "सेल" असं लिहिलेलं असेल तर 9 चा जोर आणखी उतरायचा. हे सुसंगतच आहे. ग्राहकाला योग्य किंमत माहीत नसते तेव्हा तो खुणांकडे पाहतो, आणि "सेल" ही मोठी खूण समोर असेल तर 9 कडे पाहायची गरज उरत नाही.

पण 16, 21 आणि 17 हे आकडे किती लहान आहेत तेही पाहा. एका वस्तूवर चार-पाच नगांचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. प्रयोगाला वजन येतं ते अनेक वस्तूंवर आणि वेगळ्या कॅटलॉगमध्येही दिशा तीच राहिली म्हणून. आपल्या दुकानातल्या एका वस्तूवरून निष्कर्ष काढणाऱ्याच्या हातात हे वजन नसतं.

## "आता सगळेच 99 लावतात, परिणाम बोथट झाला असेल"

ही शंका रास्त आहे. सुदैवाने अलीकडचा डेटा फार मोठा आहे.

लिफ्ट ही अमेरिकेतली ॲपवरून टॅक्सी बोलावण्याची कंपनी. तिथलं भाडं गणिताने ठरत होतं, त्यामुळे ग्राहकाला 13.87, 14.99, 15.00, 15.42 असा कोणताही आकडा दिसायचा. 99 वर कुणी मुद्दाम आणून ठेवत नव्हतं. पायरी शोधणाऱ्यासाठी ही आदर्श परिस्थिती, कारण 14.99 पाहणारा आणि 15.00 पाहणारा ग्राहक यांच्यात एका सेंटखेरीज फरक नसतो. जॉन लिस्ट आणि सहकाऱ्यांनी 60 कोटींहून जास्त वेळा दाखवलेल्या भाड्यांचा डेटा तपासला. प्रत्येक पूर्ण डॉलरच्या टप्प्यावर मागणी एकदम खाली येत होती. पायरी स्पष्ट होती. तिचा विचार करून भाडी लावली असती तर कंपनीचा नफा वर्षाला साधारण 16 कोटी डॉलरने वाढला असता, असा त्यांचा अंदाज आहे.

दुसरा अभ्यास अव्नेर स्ट्रुलोव्ह-श्लाइन यांचा, अमेरिकेतल्या किराणा साखळ्यांच्या बिलांच्या डेटावरचा. 99 वर संपणारी किंमत एका सेंटने वाढवली की ग्राहक जणू ती 20 सेंटहून जास्त वाढली आहे असं वागतात. गंमत अशी की दुकानदार मात्र ही पायरी दोन-तीन सेंटचीच आहे असं धरून किमती लावत होते. सगळे 99 लावत होते, पण पायरीची खरी उंची त्यांना कळलेली नव्हती. त्यापायी ते ढोबळ नफ्याचा 1 ते 4 टक्के भाग गमावत होते.

म्हणजे सरावाने परिणाम संपलेला नाही. "मी तर 499 ला पाचशेच समजतो" असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. विचारलं तर तो पाचशेच सांगेल. पण यादीतल्या वीस वस्तूंवरून नजर फिरवताना तो प्रत्येक किंमत थांबून पुढच्या पूर्ण आकड्यापर्यंत नेत नाही. लिफ्टच्या आकड्यांत असे "न फसणारे" ग्राहकही मोजलेले आहेतच.

## आता मार्जिनचा हिशेब

इथून पुढचा भाग विक्रेत्यांनी सावकाश वाचावा, कारण बहुतेक चर्चा ऑर्डर्सपाशीच थांबतात.

वस्तूची किंमत 500 आहे. ती ग्राहकापर्यंत पोचवायला सगळं मिळून, म्हणजे खरेदी, पॅकिंग, पाठवणी आणि पैसे स्वीकारण्याचा खर्च धरून, 400 लागतात. एका ऑर्डरमागे 100 उरतात. एका ऑर्डरमागे उरणाऱ्या या रकमेलाच मी मार्जिन म्हणतो आहे. महिन्याला 1000 ऑर्डर्स असतील तर एक लाख उरले.

आता किंमत 499 केली. किंमत 0.2 टक्के कमी झाली, पण मार्जिन 100 वरून 99 वर आलं, म्हणजे पूर्ण 1 टक्का कमी झालं. तेच एक लाख मिळवायला आता 1011 ऑर्डर्स लागतील. त्यापुढची प्रत्येक ऑर्डर हा फायदा.

खर्च 480 असेल तर चित्र बदलतं. मार्जिन 20 वरून 19 वर येतं आणि आधीचा 20 हजारांचा नफा टिकवायलाच 1053 ऑर्डर्स लागतात, पाच टक्क्यांहून जास्त. उलट खर्च 200 च असेल तर चारच ऑर्डर्स जास्त आल्या की भागतं. त्यामुळे "99 लावावं का" याचं एकच उत्तर सगळ्यांना देता येत नाही. मार्जिन जितकं बारीक, तितकी ती एक एककाची सूट महाग पडते. पाच-दहा एककांच्या स्वस्त वस्तूवर तर ती आणखी बोचते: 10 ची किंमत 9 केली की ती 10 टक्के सूट झाली. तिथे 9.99 करता येत असेल तरच ही युक्ती स्वस्त राहते.

यात आणखी एक बारकावा आहे. किंमत उतरली की ऑर्डर्स थोड्या वाढतातच, ते उतारामुळे. समजा या वस्तूत किंमत 1 टक्का उतरवल्याने ऑर्डर्स 5 टक्के वाढतात. मग 0.2 टक्के सुटीने 1 टक्का वाढ तशीही येईल: 1010 ऑर्डर्स, प्रत्येकी 99, एकूण 99,990. म्हणजे होतो तिथेच. त्यावर पायरीमुळे आणखी 2 टक्के ऑर्डर्स आल्या, 1030 झाल्या, तर 1,01,970 उरतील. 99 च्या किमतीचं खरं श्रेय हे वरचे 2 टक्के आहेत. "ऑर्डर्स 3 टक्के वाढल्या" असं सांगणारा उताराचं श्रेयही 99 ला देऊन टाकतो.

## फायदा बहुधा वर जाण्यात असतो

पायरीचा अर्थ नीट लावला तर एक गोष्ट दिसते, जी 500 चे 499 करण्यापेक्षा जास्त मोलाची आहे. टप्प्याच्या किंचित वरची किंमत ही सगळ्यात वाईट जागा आहे. 509 ला विकणारा पायरीचा पूर्ण फटका खातो आणि त्या बदल्यात त्याला फक्त 10 एककं जास्त मिळतात.

वरच्याच वस्तूची किंमत 509 आहे असं धरू. मार्जिन 109, ऑर्डर्स 1000, नफा 1,09,000. किंमत 499 केली तर ती सुमारे 2 टक्के उतरली, उताराने ऑर्डर्स 10 टक्के वाढून 1100 झाल्या. 1100 गुणिले 99 म्हणजे 1,08,900, जवळजवळ तेवढेच. पायरीचे आणखी 3 टक्के आले, 1130 ऑर्डर्स झाल्या, की 1,11,870. पायरी ओलांडून खाली आल्याचा फायदा इथे उघड दिसतो.

आणि दुसरी बाजू. डावा अंक तोच असताना उजवीकडच्या अंकांकडे ग्राहकाचं लक्ष कमी असतं, म्हणून तिथे उतार थोडा मवाळ असतो. कोणी 465 किंवा 470 ला विकत असेल आणि ती किंमत काही खास कारणाने ठरलेली नसेल, तर 499 पर्यंत वर जाण्याची शक्यता आधी तपासावी. स्ट्रुलोव्ह-श्लाइन यांच्या अभ्यासातून निघणारा निष्कर्षही हाच आहे: पायरी खरी असेल तर टप्प्याच्या लगेच वरच्या किमती दुकानात दिसायलाच नकोत, आणि त्या दिसतात तेव्हा दुकानदार स्वतःचा नफा सोडत असतो.

ग्राहक म्हणून हेच वाक्य उलटं वाचा. 499 ची पाटी दिसली म्हणजे विक्रेत्याने 500 मधून एक कमी केला, असं आपण गृहीत धरतो. ती किंमत 475 वरूनही वर आलेली असू शकते.

## आपल्या ऑर्डर्समध्ये हे दिसेल का?

बहुतेक विक्रेत्यांना प्रामाणिकपणे सांगायचं तर, एका वस्तूवर नाही.

कारण सोपं आहे. ऑर्डर्सची संख्या कसलाही बदल न करताही वरखाली होते. हा योगायोगाचा चढउतार साधारण ऑर्डर्सच्या वर्गमूळाएवढा असतो. 1000 ऑर्डर्सचं वर्गमूळ 32 च्या आसपास. दोन गटांची तुलना करताना दोघांचाही चढउतार मोजावा लागतो, तो मिळून सुमारे 45 होतो, आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे 90 पर्यंतचा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो. एका गटाला 1000 आणि दुसऱ्याला 1080 ऑर्डर्स आल्या तर "8 टक्के वाढ" म्हणून लगेच निर्णय घेऊ नये. काहीच घडलेलं नसतानाही असा फरक अधूनमधून येतोच.

3 टक्क्यांची वाढ बऱ्यापैकी खात्रीने पकडायची तर प्रत्येक गटात सुमारे 17 हजार ऑर्डर्स लागतात. शंभर भेटींमागे तीन ऑर्डर्स येत असतील तर ही प्रत्येक गटात पावणेसहा लाख भेटींची गोष्ट झाली. 1 टक्क्याची वाढ पकडायची तर याच्या नऊपट. लिफ्टला 60 कोटी नोंदींमध्ये पायरी लख्ख दिसली यात नवल नाही.

म्हणून छोट्या विक्रेत्याने एका वस्तूवर न अडता एकसारख्या वस्तूंचे गट करावेत. एकाच प्रकारच्या 60 वस्तू असतील तर चिठ्ठ्या टाकून 30 वस्तूंना 99 ची आणि 30 ना पूर्ण आकड्याची किंमत द्यावी, काही आठवड्यांनी अदलाबदल करावी आणि दोन्ही काळांतल्या सगळ्या ऑर्डर्स एकत्र धराव्यात. एकाच वेळी दोन ग्राहकांना एकाच वस्तूच्या दोन किमती दाखवणं गणिताच्या दृष्टीने सोयीचं आहे, पण ग्राहकाच्या ते लक्षात आलं की विश्वास जातो. माझं मत विचाराल तर अदलाबदलीची पद्धत बरी. तिला वेळ जास्त लागतो, पण कुणाला वेगळी वागणूक मिळत नाही.

## डेटा कुठे चकवतो

ऑर्डर्सची यादी उघडून "99 च्या वस्तू" आणि "बाकीच्या वस्तू" असे दोन ढीग करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. 99 ची किंमत बहुधा खपणाऱ्या, जाहिरातीतल्या, सवलतीच्या वस्तूंनाच लावलेली असते. त्या जास्त खपणारच. त्यात किमतीच्या शेवटाचा हात किती, हे त्या ढिगातून कधीच कळत नाही.

दुसरा चकवा किमतीच्या रकान्यात असतो. ऑर्डरमध्ये नोंदलेली रक्कम ही ग्राहकाने भरलेली असते, त्याला दिसलेली नसते. 499 च्या वस्तूवर 10 टक्क्यांचं कूपन लागलं की नोंद 449.10 होते. भरलेल्या रकमेवरून "ही 99 ची किंमत नव्हती" असं ठरवलं तर ज्या पाटीने ग्राहकाला वस्तूपाशी आणलं तीच हिशेबातून गळते. आणि वस्तूंच्या तक्त्यात आजची किंमत असते. तीन महिन्यांपूर्वीच्या ऑर्डरला आजची किंमत चिकटवली तर सगळं गणित फिरतं. त्या दिवशी त्या पानावर कोणती किंमत दिसत होती, याची वेगळी नोंद ठेवावीच लागते.

तिसरं, पाठवणीचा खर्च. यादीत 499 आणि शेवटच्या पानावर 539 दिसत असेल, तर ग्राहकासमोर दोन आकडे येतात. पहिल्या आकड्यामुळे तो वस्तू टोपलीत टाकतो आणि दुसऱ्या आकड्यापाशी काही जण परत फिरतात. टोपलीत टाकणारे वाढले, ऑर्डर्स तेवढ्याच राहिल्या, असं दिसलं तर आधी इथे पाहावं.

चौथं, शेजारची वस्तू. 499 च्या वस्तूच्या ऑर्डर्स वाढल्या, पण 549 ची जास्त मार्जिनवाली त्याच जातीची वस्तू तेवढीच कमी खपली, तर एकूण नफा उतरलेला असू शकतो. म्हणून हिशेब नेहमी पूर्ण गटाचा करावा, परत आलेला माल वजा करून, आणि ऑर्डर्समध्ये न थांबता हातात उरलेल्या रकमेत.

## "मग जेसी पेनीचं काय?"

99 च्या बाजूने बोलणारे हे उदाहरण हमखास देतात. 2012 मध्ये या अमेरिकी दुकानसाखळीने 99 चे शेवट काढून पूर्ण आकड्यांच्या किमती लावल्या. त्या वर्षी विक्री सुमारे 25 टक्क्यांनी घसरली आणि 2013 च्या एप्रिलमध्ये प्रमुख रॉन जॉन्सन यांना जावं लागलं.

पण त्याच वेळी कंपनीने कूपन आणि सततचे सेलही बंद केले होते आणि दुकानांची मांडणी बदलायला घेतली होती. तिथला ग्राहक कूपनच्या सवयीचा होता. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर घसरणीतला किती भाग 99 गेल्यामुळे, हे कुणालाच वेगळं काढता येत नाही. ही गोष्ट 99 च्या बाजूचा पुरावाही नाही आणि विरुद्धचाही नाही.

## "9 ने माल हलका दिसत नाही का?"

दिसू शकतो. जी खूण "सौदा चांगला" असं सांगते तीच "दर्जा साधारण" असंही सांगू शकते. चैनीच्या, भेट म्हणून द्यायच्या किंवा नावावर विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे विक्रेते पूर्ण आकडा पसंत करतात, त्यामागे हाच विचार आहे. इथे पायरीचा फायदा आणि प्रतिमेचं नुकसान एकमेकांविरुद्ध उभे राहतात, आणि प्रतिमेचं नुकसान काही आठवड्यांच्या ऑर्डर्समध्ये दिसत नाही. ते पुढच्या वर्षी परत येणाऱ्या ग्राहकांच्या संख्येत दिसतं. अशा मालावर महिन्याभराचा प्रयोग करून 99 जिंकलं असं जाहीर करणं मला घाईचं वाटतं.

## "कायद्यानेच बंद केलं तर?"

इस्रायलमध्ये हे जवळजवळ झालं. तिथली सगळ्यात छोटी नाणी बंद झालेली होती, त्यामुळे .99 ची किंमत रोखीने भरताच येत नव्हती. तिथल्या एका शेकेलचे 100 अगोरा होतात. 2014 च्या जानेवारीपासून नियम आला की किंमत 10 अगोरांच्या पटीतच हवी. .99 नाहीशा झाल्या. त्यांच्या जागी मोठ्या संख्येने .90 आल्या. डावा अंक खालीच राहील अशी सगळ्यात वरची कायदेशीर किंमत आता .90 होती, आणि दुकानदार तिथे जाऊन थांबले. फरक एवढाच, की पायरीच्या खाली राहण्यासाठी आता एकाऐवजी 10 अगोरा सोडावे लागत होते. बारीक मार्जिनच्या वस्तूवर ते परवडतं का, हा हिशेब तिथल्या दुकानदारांना नव्याने करावा लागला.